संशोधनाचे तत्त्वज्ञान लिहिताना: ‘आहे’ म्हणजे काय आणि ‘कळले’ म्हणजे काय

प्रबंधातील संशोधन पद्धतीच्या प्रकरणात तत्त्वज्ञानाचा जो भाग असतो, तो बहुतेक विद्यार्थी अगदी शेवटी, चार व्याख्या एकाखाली एक मांडून उरकतात. त्या व्याख्या चुकीच्या नसतात. पण त्या काढून दुसऱ्या कोणाच्या प्रबंधात घातल्या तरी काही बिघडत नाही, आणि परीक्षकाच्या नजरेला नेमके तेच खटकते. माझ्या प्रबंधाचा विषय रुग्णालयातील परिचारिकांच्या कामाचा ताण हा होता. त्या विषयातल्या एकाच प्रसंगाच्या आधारे हा भाग कसा उभा राहतो, ते येथे सांगतो.

सत्तामीमांसा, म्हणजे ऑन्टॉलॉजी, विचारते की आपण ज्याचा अभ्यास करीत आहोत ते कोणत्या प्रकारे अस्तित्वात आहे. ज्ञानमीमांसा, म्हणजे एपिस्टेमॉलॉजी, विचारते की त्याविषयी आपल्याला काही कळले आहे असे कशाच्या आधारावर म्हणता येईल. ताप घ्या. कोणी मोजला नाही तरी शरीराचे तापमान वाढलेलेच असते आणि तापमापी ते दाखवते. रांगेची गोष्ट वेगळी आहे. एकामागे एक उभी असलेली माणसे ही नुसती माणसेच असतात. आपण क्रमाने उभे आहोत आणि मधे घुसणे गैर आहे, हे सर्वांनी मनोमन मान्य केले की त्यांची रांग होते. उद्या ही मान्यता संपली तर माणसे तेथेच असतील, रांग मात्र नसेल. तरीही आज रांगेत तुमच्यापुढे किती जण आहेत, हे कोणीही मोजू शकतो आणि सर्वांचे उत्तर एकच येते.

रांगेच्या या उदाहरणातील शेवटचे वाक्य विद्यार्थ्यांनी दोनदा वाचावे असे मला वाटते. एखादी गोष्ट लोकांच्या मान्यतेवर उभी असली, तरी तिच्याविषयीचे ज्ञान वस्तुनिष्ठ असू शकते. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1995 सालच्या ग्रंथात सामाजिक वास्तवाविषयी हाच भेद तपशिलाने मांडला. हे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत, हे एकदा पटले की ‘माझा विषय सामाजिक आहे, म्हणून माझे ज्ञान व्यक्तिनिष्ठच असणार’ असली घाईची वाक्ये आपोआप गळून पडतात.

आता तो प्रसंग. ताण मोजण्यासाठी पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल नावाची प्रश्नावली फार वापरली जाते. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1983 साली प्रसिद्ध केली. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत गेल्या महिन्यातील अनुभवाविषयी विचारतात, प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण असतात आणि बेरीज 0 ते 40 च्या दरम्यान येते. रात्रपाळी करणाऱ्या एका ज्येष्ठ परिचारिकेचे गुण 31 आले, म्हणजे चांगलेच वरचे. मुलाखतीत मात्र त्या म्हणाल्या, “ताण वगैरे काही नाही हो, कामच तसं आहे.” आकडा एक सांगतो आणि बाई दुसरेच सांगतात. या विसंगतीचे काय करायचे, हे ठरवताना तुमची सत्तामीमांसा उघडी पडते.

ताण ही माणसाच्या बोलण्याहून स्वतंत्र, मोजता येण्याजोगी अवस्था आहे असे तुम्ही मानत असाल, तर त्या नकाराकडे मापनातील त्रुटी म्हणून पाहाल. बाई लपवत असतील, किंवा ‘ताण’ म्हणजे आजार असे त्यांना वाटत असेल. मग तुम्ही आकड्याला प्रमाण मानाल आणि त्याची विश्वसनीयता तपासाल. ही वास्तववादी सत्तामीमांसा आणि तिच्या जोडीची प्रत्यक्षार्थवादी ज्ञानमीमांसा झाली. उलट, एखाद्या थकव्याला ‘ताण’ म्हणायचे की ‘काम’ हे त्या विभागातील माणसेच आपसांत ठरवतात आणि त्या ठरवण्याबाहेर ताण नावाची वेगळी वस्तू नाही, असे तुमचे मत असेल, तर तो नकार हीच तुमची सर्वांत मोलाची सामग्री ठरते. असे बोलायला ज्येष्ठ परिचारिका कोठे शिकतात, नवख्या मुलींना ते कसे ऐकवले जाते, हे तुम्ही शोधाल. ही रचनावादी सत्तामीमांसा आणि अर्थबोधवादी ज्ञानमीमांसा आहे.

माझा स्वतःचा कल तिसऱ्या भूमिकेकडे होता. अपुरे मनुष्यबळ आणि सलग रात्रपाळ्या माणसावर खरोखरच परिणाम करतात, मग त्याला कोणी काहीही म्हणो. पण तो परिणाम आपल्यापर्यंत पोहोचतो तो विभागातील बोलण्याच्या रीतीतून गाळूनच. रॉय भास्कर यांच्या 1975 सालच्या मांडणीतून पुढे आलेला चिकित्सक वास्तववाद साधारण हेच म्हणतो: वास्तव एक आहे, आपले ज्ञान मात्र अपुरे आणि दुरुस्त होत जाणारे आहे. या भूमिकेतून पाहिले तर आकडा आणि नकार दोन्ही ठेवावे लागतात आणि दोन्ही एकाच वेळी का निर्माण होतात, त्यामागची यंत्रणा सांगावी लागते. हे काम इतर दोन भूमिकांहून सोपे नाही. ‘मधला मार्ग’ म्हणून ती निवडणाऱ्यांची येथेच अडचण होते.

एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. ही प्रश्नावली ‘जाणवलेला’ ताण मोजते. तिचा विषयच व्यक्तीचा अनुभव आहे. त्यामुळे प्रश्नावली वापरली म्हणजे प्रत्यक्षार्थवाद आणि मुलाखत घेतली म्हणजे अर्थबोधवाद, हे जे समीकरण वर्गात सर्रास फिरते, ते टिकत नाही. तुम्ही साधन कोणते वापरले यापेक्षा त्यातून आलेल्या उत्तराला काय मानता, यावर भूमिका ठरते.

लिहायला बसताना शोधप्रश्नातील मुख्य नाम उचला आणि त्याच्याविषयीच लिहा. माझ्या मसुद्यातील वाक्ये साधारण अशी होती: ‘या अभ्यासात कामाचा ताण ही परिचारिकांच्या वर्णनापासून स्वतंत्रपणे परिणाम घडवणारी स्थिती मानली आहे. मात्र तिच्यापर्यंत केवळ त्यांच्या वर्णनातून आणि प्रश्नावलीतील उत्तरांतून पोहोचता येते, आणि या दोन्हींवर विभागातील संकेतांचा प्रभाव असतो. म्हणून दोहोंतील विसंगती हा त्रुटीचा नव्हे, विश्लेषणाचा विषय मानला आहे.’ तिसरे वाक्य सर्वांत कामाचे आहे, कारण पुढच्या प्रकरणात काय दिसेल याचे वचन त्यात आहे. पंथाचे नाव यानंतर एका ओळीत दिले तरी पुरते.

ते वचन पाळले गेले की नाही, हे क्रियापदांवरून आणि मर्यादांच्या भागावरून कळते. वर रचनावाद जाहीर केला आणि निष्कर्षांत ‘ताणाची खरी कारणे आढळली’ असे लिहिले, तर सूर बिघडला. बारा सखोल मुलाखती घेऊन अर्थबोधवादी भूमिकेतून लिहिलेल्या प्रबंधात ‘नमुना लहान असल्याने निष्कर्ष सर्व परिचारिकांना लागू करता येत नाहीत’ ही मर्यादा म्हणून दिलेली असते, तेव्हा लेखक नकळत दुसऱ्याच भूमिकेच्या कसोटीवर स्वतःला नापास करत असतो. तेथे मर्यादा लिहायचीच तर ती अशी असावी: मुलाखती एकाच विभागात झाल्या, त्यामुळे ‘कामच तसं आहे’ हे वाक्य दुसऱ्या विभागात कोणत्या अर्थाने बोलले जाते, हे या अभ्यासातून कळत नाही.