सलूनचा द्विभाषिक एसएमएस: एका संदेशाचे तीन का होत होते

आमच्या सलूनमध्ये मराठी आणि इंग्रजी वाचणारे असे दोन्ही प्रकारचे ग्राहक येत असल्यामुळे वेळेची आठवण देणारा एसएमएस वर मराठी आणि खाली इंग्रजी असा एकत्रच जात असे. मात्र प्रत्येक संदेशामागे तीन संदेशांचे पैसे कापले जात होते. साध्या इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात, परंतु देवनागरीचे एक अक्षर जरी आले तरी संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये जातो, मर्यादा ७० वर येते, आणि त्यापुढे प्रत्येक तुकड्यात ६७ च अक्षरे बसतात. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात, त्यामुळे ‘उद्या’ पाच अक्षरांचा होतो.

मी दोन भाषांचे दोन वेगळे साचे केले. मराठी मजकूर असा ठरला: ‘नमस्कार, आपली वेळ उद्या सायंकाळी ५ वाजता आहे. बदल हवा असल्यास कळवावे.’ हा ६९ अक्षरांत बसतो. ग्राहकाचे नाव घातले, किंवा ५ ऐवजी ५:३० आले, की दोन संदेश होतात, म्हणून नाव वगळले आणि वेळा पूर्ण तासाच्याच ठेवल्या.

दोन्ही साचे डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसचे मजकूर नोंदवण्याच्या दूरसंचार कंपन्यांच्या प्रणालीवर, पुन्हा नोंदवावे लागले. मराठी साच्याचा प्रकार युनिकोड निवडला नाही, तर ग्राहकाला प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. नोंदवहीत आता भाषेचा रकाना आहे, आणि तो आडनावावरून न भरता (हा मोह टाळावाच) ग्राहकाला विचारूनच भरला जातो.