डिलिव्हरी रायडरची तासाची खरी कमाई कशी काढायची: सांगलीतल्या एका आठवड्याचा हिशोब

विश्रामबागच्या चौकात ऑर्डरची वाट बघत थांबलेल्या कुठल्याही रायडरला विचारा, आज किती झाले? तो ॲपमधला आकडा सांगेल. पण त्या आकड्यात पेट्रोल मोजलेलं नसतं, गाडीची झीज नसते आणि हॉटेलच्या दारात गेलेला वेळही नसतो. हे सगळं वजा केल्यावर तासाला हातात काय उरतं, ते घरच्या वहीत काढता येतं. त्यासाठी एक पूर्ण आठवडा नोंदी ठेवाव्या लागतात. एका दिवसाचा हिशोब फसवा असतो, कारण इन्सेंटिव्ह बहुधा आठवड्यावर मिळतो आणि पेट्रोलही रोज सारखं जळत नाही.

इथे उदाहरणासाठी कुपवाडहून विश्रामबागला येऊन काम करणारा, साधी 110 सीसीची गाडी चालवणारा रायडर धरू. आकडे मानलेले आहेत, तुमचे आकडे त्यांच्या जागी घाला.

आधी किलोमीटर आणि वेळ लिहा

रोज घरातून निघताना आणि परत आल्यावर गाडीच्या मीटरचा फोटो काढा. ॲप जे किलोमीटर दाखवतं ते फक्त ऑर्डरचे असतात. ड्रॉप करून रिकामं परत येणं आणि घरून चौकात येणं त्यात धरलेलं नसतं, पण पेट्रोल तेवढंच जळतं. आपल्या रायडरचं मीटर दिवसाला 120 किलोमीटर पळतं. त्यातले ऑर्डरचे 80, घरून येण्याजाण्याचे 10 आणि उरलेले 30 रिकामे फिरण्याचे. सहा दिवसांचे झाले 720.

वेळेचंही तसंच. ॲप सुरू असलेले तास 60. घरून येणं-जाणं आणि ग्राहकांकडून घेतलेली रोकड भरायला जाणं, याचे आणखी 4. म्हणजे आठवडा 64 तासांचा. यात 108 ऑर्डर झाल्या. ऑर्डर घेतल्यापासून पोचवेपर्यंत सरासरी 25 मिनिटं धरली, तर ऑर्डरचा वेळ 45 तास होतो. उरलेल्या 19 तासांचे कोणी पैसे देत नाही.

कंपनीकडून खरं किती आलं

इथे दोन गोंधळ होतात. पहिला रोकडीचा. कॅश ऑर्डरचे पैसे खिशात असतात, त्यातूनच पेट्रोल भरलं जातं आणि कमाई झाल्यासारखी वाटते. ते पैसे ग्राहकाने कंपनीला दिलेले आहेत, ते नंतर तुमच्या पेमेंटमधून वळते होतात. म्हणून खिशातली रोकड कधीच मोजू नका, आठवड्याचं पेमेंटचं विवरण उघडा. दुसरा गोंधळ कमिशनचा. जेवणाच्या ऑर्डरवर कंपनी हॉटेलकडून जे कमिशन घेते, ते तुमच्या दरात आधीच बाहेर ठेवलेलं असतं. ते पुन्हा वजा करायचं नाही. वजा करायचं ते विवरणात तुमच्या नावावर कापलेलं, म्हणजे बॅग-टीशर्टचा हप्ता, दंड वगैरे.

आपल्या रायडरला 108 ऑर्डरचे सरासरी 40 रुपयांनी 4320 मिळाले, 100 ऑर्डर पूर्ण केल्याचा इन्सेंटिव्ह 1080. एकूण 5400. कापले 120.

गाडीचा किलोमीटरचा खर्च

ॲव्हरेज कंपनीच्या जाहिरातीतून घेऊ नका. टाकी फुल्ल करा, मीटर लिहा, आठवडाभर चालवा, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल करा. जितके किलोमीटर पळाली त्याला भरलेल्या लिटरने भागा. दर दोन मिनिटांनी थांबत-निघत जाणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज हायवेपेक्षा बरंच कमी येतं. आपण 45 धरू. पेट्रोल 105 रुपये धरलं तर किलोमीटरला 2.33 रुपये होतात.

झीज मात्र दिसत नाही, म्हणून ती प्रत्येक वस्तूच्या आयुष्यावरून काढायची. ऑइल आणि सर्व्हिसिंगला दर 3000 किलोमीटरला 900 रुपये लागत असतील, तर किलोमीटरला 30 पैसे. टायरची जोडी 3600 ची आणि 18000 किलोमीटर चालली, तर 20 पैसे. चेनसेट 1500 चा, 15000 चालला, 10 पैसे. ब्रेक शू, केबल, पंक्चर, क्लच मिळून 20 पैसे धरा. सगळ्यात मोठा तुकडा गाडीच्या उतरलेल्या किमतीचा. 65000 ला घेतलेली गाडी 60000 किलोमीटर चालवून 23000 ला गेली, तर 42000 रुपये गेले, म्हणजे किलोमीटरला 70 पैसे. बेरीज दीड रुपया.

गाडी हप्त्यावर असेल तर हप्ता आणि ही उतरलेली किंमत दोन्ही मोजू नका, तेच पैसे दोनदा वजा होतात. किंमत मोजली असेल तर हप्त्यातलं फक्त व्याज वेगळं धरा.

म्हणजे किलोमीटरला एकूण 3.83 रुपये. हा एकच आकडा पाठ ठेवण्यासारखा आहे.

आता भागाकार

5400 मधून कापलेले 120, पेट्रोलचे 1680, झिजेचे 1080 आणि विमा-रिचार्जचे आठवड्याला 120 वजा केले. उरले 2400. याला 64 ने भागलं की तासाला साडेसदतीस रुपये.

हाच आठवडा 5400 ला 45 ने भागून सांगितला, तर तासाला 120 होतात. भरती करताना 'तासाला इतके कमवा' असं सांगितलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा की कुठले तास आणि कशाच्या आधी. आणि झीज सोडून दिली तर 64 तासांनी 54 रुपये येतात. टायर किंवा चेनसेट बदलायची वेळ आली आणि उधारी करावी लागली, तर आपण इतके दिवस तोच आकडा खरा धरून चाललो होतो, असं समजायचं.

इन्सेंटिव्हकडे वेगळं बघा. एकूण रकमेत तो पाचवा हिस्सा वाटतो, पण खर्च तसाच राहतो. त्यामुळे तो हुकला तर 2400 चे 1320 होतात आणि तास 21 रुपयांच्याही खाली येतो.

या आकड्याचा उपयोग

विश्रामबागहून मिरजेतला 6 किलोमीटरवरचा पत्ता, दर 65 रुपये. रिकामं परत यावं लागलं तर 12 किलोमीटरचे 46 रुपये जातात आणि पाऊण तासाला 19 उरतात. मिरजेतच हॉस्पिटलांच्या भागात पुढची ऑर्डर मिळत असेल, तर परतीचे 23 वाचतात. म्हणून ड्रॉप झाल्यावर लगेच गाडी सांगलीकडे वळवू नका, दहा-पंधरा मिनिटं तिथेच थांबून बघा.

दुपारी तीन ते सातचं काय? समजा त्या चार तासांत 3 ऑर्डर येतात, 120 रुपये, 20 किलोमीटर. खर्च 77, उरले 43. तासाला 11 रुपयेसुद्धा नाहीत. घरी जाऊन परत यायचं म्हटलं तर 10 किलोमीटरचे 38 खर्च होतात. दुपार सोडावी असंच वाटतं. पण रोज सोडली तर 18 ऑर्डर कमी होऊन आठवडा 90 वर थांबतो आणि 1080 चा इन्सेंटिव्ह जातो. 108 मधून 100 गाठायला हातात फक्त 8 ऑर्डर जास्त आहेत, म्हणजे दोन दुपारी सोडता येतात, तिसरी नाही. कुठल्या दोन, हे वहीतून दिसतं. प्रत्येक दुपारच्या ऑर्डर वेगळ्या लिहा आणि ज्या दोन वारी सगळ्यात कमी येतात त्या दुपारी ॲप बंद ठेवा. शेवटच्या दिवसासाठी मात्र सुट्टी ठेवू नका. पावसाने एखादी संध्याकाळ गेली, तर 100 गाठायला ती दुपार लागेल.