भागीदार दुकानातून बाहेर पडतो तेव्हा: लाभ प्रमाण काढून हिशेब कसा मिटवावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी तिघांनी मिळून चालवलेलं कृषी केंद्र डोळ्यांसमोर आणा. दादा, बापू आणि नाना. नफ्याची वाटणी ५:३:२. वय झालं, गुडघे बोलू लागले, म्हणून बापू म्हणतात, "दादा, मी आता थांबतो, माझं काय ते करून द्या." त्यांचं "काय ते" नेमकं किती, हे रागलोभ न होता कसं ठरवायचं, ते पाहू.

आधी तारीख आणि लेखी संमती

भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ३२ प्रमाणे निवृत्ती तीन वाटांनी होते: सर्व भागीदारांच्या संमतीने, भागीदारी पत्रात तशी अट असेल तर त्या अटीनुसार, किंवा ऐच्छिक भागीदारी असेल तर बाकीच्यांना लेखी सूचना देऊन. तोंडी ठरलं असलं तरी कागद कराच.

तारीख शक्यतो ३१ मार्च धरावी. जूनमध्ये कास्तकार बियाणं-खत उधारीवर नेतो आणि कापसाचा चुकारा हाती आला की पैसे आणून देतो. ऑगस्टमध्ये हिशेब केला तर सगळं दुकानच उधारीत असतं आणि त्यातली कोणती उधारी वसूल होईल, हे कोणालाच सांगता येत नाही. मार्चअखेर जी बाकी उरते ती खरी तपासण्याजोगी असते.

मालमत्तेची आजची किंमत लावा

गोडाऊन वहीत ५,००,००० रुपयांचं आहे, पण आज त्याला ७,००,००० येतील. म्हणजे २,००,००० ची वाढ. मुदत संपलेली कीटकनाशकं निघाली ४०,००० ची. ती कंपनी परत घेणार नसेल तर तोटा लिहायचा.

उधारीची वही मात्र तिघांनी एकत्र बसून नावानिशी वाचावी. ठोक टक्केवारी लावून मोकळं होऊ नये. प्रत्येक खात्यावर शेवटची जमा कधीची आणि सही आहे का, एवढं बघा. मालाच्या किमतीची वसुली करण्याची कायदेशीर मुदत साधारण तीन वर्षांची असते. त्या काळात ना काही रक्कम लेखी नोंदीसह जमा, ना बाकी कबूल असल्याची सही, असं खातं कोर्टात टिकणं कठीण. आपल्या उदाहरणात अशी संशयित उधारी १,००,००० निघाली.

वाढ २,००,०००, घट १,४०,०००. निव्वळ नफा ६०,०००. हा नफा तिघांत जुन्या प्रमाणात वाटायचा, कारण ही वाढ-घट तिघं सोबत असतानाची आहे. बापूंच्या वाट्याला १८,०००. राखीव निधीत १,००,००० पडून असतील तर त्यातलेही ३०,००० बापूंचे.

पुढची भांडणं टाळायची तर करारात एक ओळ घाला: संशयित धरलेली उधारी पुढे वसूल झाली तर तिचे तीन-दशांश बापूंना मिळतील. ४०,००० आले तर त्यांना १२,०००. ही ओळ नसेल तर आज "बुडीत" म्हटलेला पैसा दिवाळीनंतर दुकानात जमा होतो आणि बापूंना तो गावात कोणाकडून तरी कळतो.

लाभ प्रमाण: सगळ्यात जास्त चूक इथेच होते

बापूंचा ३/१० हिस्सा सुटला. तो कोणी किती घेतला, त्यालाच लाभ प्रमाण म्हणतात. सूत्र एवढंच: नवा हिस्सा वजा जुना हिस्सा.

नवी वाटणी ठरलीच नसेल तर दादा-नानांचं जुनं ५:२ चं प्रमाण राहतं आणि लाभ प्रमाणही ५:२ च येतं. पण इथे नाना आता पूर्णवेळ दुकानात बसणार, म्हणून दोघांनी नवं प्रमाण ३:२ ठरवलं, म्हणजेच ६/१० आणि ४/१०.

दादा: ६/१० − ५/१० = १/१०
नाना: ४/१० − २/१० = २/१०

लाभ प्रमाण १:२. दोन्हींची बेरीज ३/१०, म्हणजे बापूंच्या हिश्शाइतकीच यायला हवी. आली नाही तर कुठेतरी चुकलं आहे.

आता ख्यातीचं, म्हणजे गुडविलचं. गेल्या तीन वर्षांचा नफा २,८०,०००, ३,४०,००० आणि २,८०,००० धरू. सरासरी ३,००,०००. एखाद्या वर्षी जुनी गाडी विकून नफा फुगला असेल तर तो आधी बाजूला काढा, कारण तो धंद्याचा नफा नव्हे. सरासरीच्या दुप्पट ख्याती धरायची असं करारात असेल तर ती ६,००,०००. बापूंचा वाटा १,८०,०००.

हे पैसे कोणी सोसायचे? ज्यांचा हिस्सा वाढला त्यांनी, आणि वाढला तेवढ्याच मापाने. दादांच्या भांडवल खाती ६०,००० नावे, नानांच्या खाती १,२०,००० नावे, बापूंच्या खाती १,८०,००० जमा. घाईत पुष्कळ जण ही रक्कम नव्या ३:२ प्रमाणात वाटतात. मग दादांवर १,०८,००० पडतात, म्हणजे तब्बल ४८,००० जास्त, तेही नानांनी मिळवलेल्या हिश्शापोटी. हा अन्याय ताळेबंदात दिसत नाही, कारण बेरीज दोन्हीकडे जुळतेच.

देय रक्कम आणि हप्ते

बापूंचं भांडवल ५,००,०००, राखीव निधी ३०,०००, पुनर्मूल्यांकनाचा नफा १८,०००, ख्याती १,८०,०००. एकूण ७,२८,०००. उचल खात्यावर त्यांच्या नावे २८,००० आहेत, ते वजा. देय रक्कम ७,००,०००.

एवढी रोकड एकदम काढली तर जूनचं बियाणं भरायला पैसा उरणार नाही. म्हणून १,००,००० लगेच द्या आणि ६,००,००० बापूंच्या कर्ज खात्याला वर्ग करा. दरवर्षी ३१ मार्चला २,००,००० मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर, समजा, १० टक्के व्याज. पहिल्या वर्षी २,६०,०००, दुसऱ्या वर्षी २,४०,०००, तिसऱ्या वर्षी २,२०,००० आणि खातं बंद.

व्याजाचा दर लिहायला विसरू नका. हिशेब न मिटवता धंदा तसाच चालू ठेवला आणि करारात वेगळं काही नसेल, तर कलम ३७ नुसार बाहेर पडलेल्याला निवड करता येते: त्याच्या पैशाच्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा, किंवा सालाना ६ टक्के व्याज.

पैसे मिळाले तरी जबाबदारी सुटत नाही

हे बापूंनी नीट ऐकावं. जाहीर सूचना निघेपर्यंत, आपण भागीदार आहोत असं जाणून व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या माणसाला ते बांधील राहतात. सूचना शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी वर्तमानपत्रात द्यावी लागते. फर्म नोंदलेली असेल तर निबंधकालाही कळवावं लागतं. जीएसटी नोंदणीत भागीदार कमी झाल्याचा बदल १५ दिवसांत करायचा असतो.

जुनी देणी या सूचनेने सुटत नाहीत. कंपनीचं जुनं बिल किंवा बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा यांतून बापूंना मोकळं करायचं तर बँकेशी किंवा कंपनीशी तसा करार हवा. "आम्ही फेडू" हा दादांचा शब्द बँकेला बांधत नाही. बापूंची हमी असेल तर ती सोडल्याचं बँकेचं पत्र हातात घेऊनच शेवटच्या कागदावर सही करावी.

आणि दादा-नानांनी परवाने पाहावेत. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी किंवा संबंधित विषयाच्या शिक्षणाची पात्रता लागते. ती बापूंच्याच नावावर दाखवलेली असेल, तर हिशेब मिटवायच्या आधी दुसरा पात्र माणूस ठरवून कृषी विभागाकडे बदलाचा अर्ज करा, नाहीतर ऐन जूनमध्ये औषधांची विक्री थांबवावी लागेल.