एमआरपीपेक्षा जास्त बिल लावलं? तक्रार करताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बिल जपून ठेवायचं आणि पाकीट फेकून द्यायचं. बिल सांगतं तुम्ही किती दिले. किती द्यायला हवे होते ते पाकिटावर असतं.

गोव्यात फोंड्यातल्या एका सुपरमार्केटात शेजारच्या वहिनींनी धुण्याच्या पावडरीची दोन पाकिटं घेतली. छापील किंमत 210, बिलात दर 225, एकूण 450. मध्यंतरी कंपनीने किंमत वाढवली होती. बारकोड तोच, शेल्फवर जुना माल आणि काउंटरच्या संगणकात नवी किंमत. घरी एका पाकिटातली पावडर डब्यात ओतून रिकामं पाकीट कचऱ्यात गेलं. तक्रार करायला गेलो तर मॅनेजरने शेल्फवरचं पाकीट समोर धरलं, ‘‘हे बघा, 225च आहे.’’ ते नव्या मालातलं होतं. दुसरं, न फोडलेलं पाकीट वहिनींनी पिशवीतून काढलं तेव्हा त्याचा सूर बदलला. म्हणून पाकीट फोडण्याआधी किंमत, बॅच नंबर आणि पॅकिंगचा महिना एकाच फोटोत घ्यायचा, ही माझी सवय.

दुसरी चूक घाईची. मॅनेजर म्हणतो, ‘‘माल परत करा, सगळे पैसे घ्या.’’ लोक खूश होऊन पाकीट देऊन मोकळे होतात. पुरावा दुकानात आणि संगणकात 225 तसेच! आपण फरकच मागायचा, 30 रुपये, आणि सोबत दुरुस्त बिल. मूळ बिल हातातून सोडण्यापूर्वी त्याचाही फोटो काढावा. तोंडी वाद घालण्यापेक्षा मी एवढंच लिहून देतो आणि पोच घेतो:

‘‘बिल क्र. व तारीख अमुक. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत 210, आकारणी 225. दोन पाकिटांचे जादा घेतलेले 30 रुपये परत करावेत, दुरुस्त बिल द्यावे आणि या बॅचची किंमत बिलिंगमध्ये सुधारावी.’’

यात ‘लुबाडलं’, ‘चोर’ वगैरे नको. रागाने पानभर लिहिलेल्या अर्जात मागणी शोधावी लागते.

‘जीएसटी वेगळा’ हे ऐकून घेऊ नका. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. किनाऱ्यावरच्या दुकानांतला ‘कूलिंग चार्ज’ही छापील किमतीवर लावता येत नाही. मात्र हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीसाठी भांडू नका, तिथे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये हॉटेलांच्या बाजूने निकाल दिला आहे. यूपीआयचा मेसेज म्हणजे बिल नव्हे, त्यात वस्तूचं नाव नसतं.

दुकानाने दाद दिली नाही तर पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. वजनमापे खात्याकडेही अर्ज करा, पण ते दुकानावर कारवाई करतं. तुमचे 30 रुपये वसूल करून देणं त्याचं काम नाही. त्यासाठी शेवटी उत्तर किंवा दक्षिण गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची.