एपीवर गर्दी नाही, तरी तक्रार का? वायफायचे आकडे वाचताना या चुका टाळा

कॉलेजच्या इमारतीत वायफायची तक्रार आली की बहुतेक जण डॅशबोर्ड उघडून आधी क्लायंट काउंट बघतात. ज्या ॲक्सेस पॉइंटवर, म्हणजे एपीवर, जास्त मंडळी दिसतात तो दोषी ठरतो आणि त्याच्या शेजारी अजून एक एपी लावायचा प्रस्ताव तयार होतो. मीही हे केलंय. एका मजल्यावर तर खरेदीची फाइल पुढे सरकल्यावर कळलं, की दोष भलत्याच एपीत होता.

तिसरा मजला, लांब कॉरिडॉर. तक्रार पूर्वेकडच्या टोकाच्या वर्गातून येत होती. सकाळी साडेदहाला, वर्ग भरलेला असताना, जिन्याजवळच्या एपीवर ४७ क्लायंट होते आणि रिट्राय रेट साडेसात टक्के. वर्गाला सगळ्यात जवळ असलेल्या पूर्वेच्या एपीवर फक्त ६ क्लायंट आणि रिट्राय रेट ३१ टक्के. आम्ही सगळ्यांनी ४७ कडे बघितलं. बघायला हवं होतं ६ कडे.

चूक पहिली: कमी क्लायंट म्हणजे निवांत एपी

क्लायंट काउंटला एकट्याला काही अर्थ नसतो. तो वेळापत्रकाशेजारी ठेवून वाचावा लागतो. त्या तासाला त्या वर्गात पन्नासेक मुलं बसलेली आहेत आणि सगळ्यात जवळच्या एपीवर ६ जण आहेत, तर बाकीचे कुठे गेले हा खरा प्रश्न. काही जण लांबच्या एपीला लटकलेले असतात, तर काहींनी कंटाळून वायफाय बंद केलेलं असतं आणि ते मोबाइल डेटावर असतात. हे दुसरे कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत.

काउंट घ्यायची वेळही महत्त्वाची. तास सुटल्यावर कॉरिडॉरमधून जाणारे फोन वाटेतल्या एपींना जोडले जातात, आणि माणूस निघून गेला तरी काही मिनिटं यादीत राहतात. म्हणून तास सुरू होऊन वीसेक मिनिटं झाल्यावरचा आकडा घ्या. दिवसाच्या सरासरीतून काहीच हाती लागत नाही.

चूक दुसरी: एपीच्या सरासरी रिट्राय रेटवर विश्वास

वायफायमध्ये एका ठरावीक उपकरणाला पाठवलेल्या फ्रेमची पोचपावती यावी लागते. ती आली नाही तर फ्रेम पुन्हा पाठवली जाते, हाच रिट्राय. ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, वीसच्या वर सतत राहिला तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. (वेगवेगळ्या कंपन्या हा आकडा वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यामुळे तुलना एकाच प्रकारच्या एपींमध्येच करा.)

मग जिन्याजवळच्या एपीचे साडेसात टक्के चांगलेच म्हणायचे की! आम्हीही तसंच म्हटलं. नंतर क्लायंटनुसार यादी काढली. ३० जण जवळ होते. त्यांच्यासाठी मोजणीच्या काळात ९०,००० फ्रेम गेल्या आणि त्यातल्या ४,५०० रिट्राय होत्या, म्हणजे ५ टक्के. उरलेले १७ जण पूर्वेच्या वर्गात बसले होते, सिग्नल उणे ७४ ते उणे ७९ डीबीएम. त्यांच्या वाट्याला जेमतेम १०,००० फ्रेम आल्या आणि त्यात ३,००० रिट्राय, म्हणजे ३० टक्के. दोन्हींची बेरीज केली की १ लाखात ७,५००. ज्याचं वायफाय खराब, त्याचा डेटाच कमी जातो, आणि डेटा कमी म्हणून सरासरीत त्याचं वजनही कमी. सगळ्यात जास्त त्रास होणारा माणूस सरासरीत सगळ्यात कमी दिसतो.

लिनक्सवर चालणाऱ्या एपीवर क्लायंटनुसार आकडे असे मिळतात (इंटरफेसचं नाव तुमच्याकडे वेगळं असू शकतं):

```
iw dev wlan0 station dump
```

यातल्या `signal`, `tx packets`, `tx retries` आणि `tx bitrate` या ओळी बघा. पॅकेट आणि रिट्रायचे आकडे क्लायंट जोडला गेल्यापासून साठत आलेले असतात. म्हणून दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्या आणि वजाबाकी करा. ज्याच्याकडे त्या काळात शे-दोनशेच पॅकेट गेली, त्याची टक्केवारी सोडून द्या.

`tx bitrate` बघायला सांगतोय त्याला कारण आहे. रिट्राय वाढले की एपी वेग खाली आणतो आणि संथ वेगात फ्रेम नीट पोचू लागतात. त्यामुळे रिट्राय रेट छान, पण वेग तळाला, असं चित्र दिसू शकतं. तिथेही कव्हरेज अपुरंच असतं.

चूक तिसरी: रिट्राय जास्त, म्हणजे सिग्नल कमी

रिट्राय दोन अगदी वेगळ्या कारणांनी वाढतात. एक, सिग्नल पोचत नाही. दोन, सिग्नल पोचतो पण हवेत फ्रेम एकमेकींवर आदळतात किंवा दुसऱ्या कशाचा तरी अडथळा होतो. पहिल्यावर उपाय म्हणून एपी हलवता किंवा वाढवता येतो. दुसऱ्यावर तोच उपाय केला तर आजार वाढतो, विशेषतः २.४ गिगाहर्ट्झवर, कारण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल १, ६ आणि ११ अशी तीनच धरली जातात.

फरक ओळखायला तक्रारीच्या बाकावर एक लॅपटॉप ठेवा, मोठी फाइल उतरवायला लावा आणि सिग्नल व रिट्राय दोन्ही लिहून घ्या. एकदा भरल्या वर्गात, एकदा संध्याकाळी रिकाम्या इमारतीत. रिकाम्यातही सिग्नल कमी आणि रिट्राय जास्त, तर कव्हरेजचा दोष. सिग्नल दोन्ही वेळा सारखा पण रिट्राय गर्दीतच वाढतात, तर चॅनेलवरची दाटी. तिसरा प्रकार फसवा आहे: गर्दीत सिग्नलच पाच-सात डीबीने घसरतो. माणसांची शरीरं रेडिओ लहरी शोषतात. रिकाम्या वर्गात केलेला सर्व्हे म्हणूनच खूप आशावादी असतो.

आमच्या लॅपटॉपला पूर्वेच्या एपीचा सिग्नल रिकाम्या इमारतीतही उणे ७७ मिळाला. एपी भिंतीपलीकडच्या प्रयोगशाळेत, आठ-दहा मीटरवर असताना! तिथे जाऊन वर बघितलं. मध्ये कधीतरी पार्टिशन झालं होतं आणि एपीच्या समोर छतापर्यंत लोखंडी कपाटं उभी होती. ते ६ क्लायंट म्हणजे दारासमोरून जाताना त्याला जोडले गेलेले आणि वर्गात बसल्यावरही न सोडलेले फोन.

चूक चौथी: पॉवर वाढवून बघू

कपाटांचा शोध लागण्याआधी आम्ही एपीची पॉवर कमाल केली होती. वर्गात सिग्नलच्या कांड्या वाढल्या, क्लायंट १५ झाले, तक्रारी मात्र तशाच राहिल्या. एपी मोठ्याने बोलायला लागला म्हणून फोनचा आवाज वाढत नाही, आणि फोनची पॉवर बहुधा एपीपेक्षा कमीच असते. शिवाय एपी मोजतो ते मुख्यतः स्वतः पाठवलेल्या फ्रेमचे रिट्राय. फोनने पाठवलेली जी फ्रेम एपीला ऐकूच आली नाही, ती कुठल्याच खात्यात जमा होत नाही. त्यामुळे पॉवर वाढवल्यावर आकडा थोडा सुधारलेला दिसला तरी फोनकडून येणारी बाजू तशीच कच्ची असू शकते.

शेवटी पॉवर पूर्ववत केली आणि एपी काढून वर्गाच्या आत छताला लावला. केबल बारा मीटर वाढवावी लागली, एवढंच. पुढच्या आठवड्यात त्याच तासाला पूर्वेच्या एपीवर ३८ क्लायंट, रिट्राय ८ टक्के, आणि जिन्याजवळच्यावर २५. आधी दोन्हींची बेरीज ५३ होती, आता ६३. हे वाढलेले दहा जण बहुधा इतके दिवस मोबाइल डेटावर होते.

नव्या एपीच्या खरेदीची फाइल मागे घ्यायला मात्र केबल ओढण्यापेक्षा जास्त दिवस लागले.