सावलीची रेघ कुठे जाते ते बघा: फोटोतली घुसडलेली वस्तू ओळखताना

पणजीत एका मराठी दैनिकाच्या फोटो डेस्कवर मी काम करते. वाचकांकडून, वार्ताहरांकडून येणारे फोटो छापायच्या आधी तपासणं हा त्यातला माझा वाटा. नवीन मुलं आली की पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापैकी कुणीतरी फोटो दाखवून म्हणतं, "ताई, या दोन माडांच्या सावल्या समांतर नाहीत, म्हणजे फोटो खोटा." ही समजूत आधी काढून टाकावी लागते. सूर्य इतका लांब आहे की जमिनीवर सावल्या समांतरच पडतात, पण फोटोत त्या तशा दिसायलाच हव्यात असं नाही. रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र येताना दिसतात, तसंच सावल्यांचं होतं.

म्हणून सावलीची दिशा बघत बसू नका. वस्तूवरचा एक नेमका बिंदू घ्या, त्याच बिंदूची सावली जिथे पडली तो बिंदू घ्या आणि दोन्ही जोडून रेघ वाढवा. ही रेघ म्हणजे प्रकाशकिरणाचीच वाट. फोटोतल्या अशा सगळ्या रेघा एकाच ठिकाणी भेटल्या पाहिजेत, आणि ते ठिकाण म्हणजे फोटोच्या प्रतलात सूर्य जिथे येतो ती जागा. बहुतेक वेळा ती चौकटीच्या बाहेर असते. जमीन उताराची असो, सावली बांधावरून वळून खाली शेतात उतरलेली असो, या रेघेला फरक पडत नाही. दिशेचा अंदाज मात्र अशा जागी हमखास फसवतो.

सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर? तेव्हा रेघा वर न भेटता खाली भेटतात, आणि भेटण्याची जागा म्हणजे खुद्द कॅमेऱ्याच्या सावलीची जागा. सकाळी मिरामारला समुद्राकडे तोंड करून उभे राहा, सूर्य पाठीशी असतो. तुमची स्वतःची सावली चौकटीत येईल असा फोटो काढा. वाळूतल्या काठ्या, माणसं, होड्या, सगळ्यांच्या रेघा तुम्ही मोबाइल धरलाय त्या जागेच्या सावलीकडेच जातील. पुस्तक वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे एका फोटोत कळतं.

आता एक फोटो नीट पाहू. गाव सांगत नाही. खाडीकाठच्या सखल खाजन शेतात भराव टाकायला जेसीबी उतरला आहे, असं सांगून तो आमच्याकडे आला होता. विषय गोव्यात तापलेलाच, त्यामुळे बातमी लगेच पहिल्या पानावर गेली असती. फोटोत बांधावरचे कुंपणाचे खांब होते, खाली शेतात टोपी घातलेला एक माणूस होता आणि उजवीकडे जेसीबी. सगळ्यांच्या सावल्या उजवीकडे, आपल्या बाजूला पडलेल्या. नुसत्या डोळ्यांना काहीच खटकत नव्हतं, आणि माझ्याबरोबरचा मुलगा तसं म्हणालाही.

फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा होता. मी तो Inkscape या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, कारण तिथे पानाच्या बाहेरही रेघ ओढता येते. (खालचे आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. वरचा डावा कोपरा शून्य, x उजवीकडे, y खाली.) डावीकडच्या खांबाचं टोक (1200, 1500) आणि त्याच्या सावलीचं टोक (1560, 1997). उजव्या खांबाचं टोक (2600, 1450), सावलीचं (3220, 1955). माणसाच्या टोपीचा शेंडा (750, 1700), त्याची सावली (1080, 2320). तिन्ही रेघा मागे वाढवल्या तर (-900, -1400) च्या आसपास भेटतात. चौकटीच्या बरंच वर, डावीकडे. इथवर सगळं जुळतंय.

आता जेसीबी. त्याच्या उचललेल्या हाताचं कोपर (2900, 900) ला होतं, त्याची सावली (3300, 1990) ला. ही रेघ मागे नेली की y = -1400 या उंचीवर ती x = 2050 च्या जवळ पोचते. बाकीच्या -900 ला भेटतात. जवळजवळ तीन हजार पिक्सेलचा फरक. चूक कशी झाली असेल तेही दिसतं: ज्याने जेसीबी चिकटवला त्याने सावलीची बाजू बरोबर धरली, लांबी मात्र दुपारच्या उन्हाची ठेवली. खऱ्या उन्हात त्या कोपराची सावली इतकी लांब गेली असती की चौकटीच्या उजव्या कडेबाहेर पडली असती.

पण "कोपराची सावली नेमकी तीच हे कशावरून?" हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवा. मऊ कडेची सावली असली की नेमका बिंदू सापडत नाही. सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे वस्तूपासून पाच मीटर लांब पडलेल्या सावलीची कड चार-पाच सेंटिमीटर पुसट होते, तिरप्या उन्हात जमिनीवर त्याहून जास्त. अशा वेळी एक रेघ न काढता दोन काढायच्या: सावलीचा तो बिंदू जिथून जिथपर्यंत असू शकतो त्या दोन्ही टोकांना. मग पाचरीसारखा पट्टा मिळतो. मी जेसीबीसाठी सावलीची शक्य असलेली दूरची बाजू (3450, 1990) धरली. त्या रेघेने x = 1740 गाठलं. म्हणजे पट्टा 1740 ते 2050, आणि सूर्य तिथून कुठच्या कुठे. सगळ्या पट्ट्यांना समाईक अशी जागाच उरत नसेल, तर फोटोत काहीतरी बाहेरचं आहे. एरिक की, जेम्स ओब्रायन आणि हानी फरीद या संशोधकांनी 2013 मध्ये हीच कल्पना गणिताने मांडली आणि त्यांची पद्धत वस्तूच्या अंगावरच्या उजेड-छायेचाही उपयोग करते. रोजच्या कामाला पट्टे पुरतात.

या तपासणीचं बळ एका बाजूचं आहे. समाईक जागा मिळाली नाही तर दोष सापडला. मिळाली तर "या तपासणीत दोष आढळला नाही" एवढंच लिहायचं, "फोटो खरा" असं नाही. ज्याला हे माहीत आहे तो सावली जुळवूनही चिकटवू शकतो.

काही फोटोंना ही पद्धत लावूच नका. पॅनोरामात सरळ किरण वाकतात. मोबाइलच्या 0.5x लेन्सचा फोटो असेल तर आधी कडेचा विजेचा खांब सरळ दिसतोय का बघा. वाकलेला असेल तर रेघा भेटणारच नाहीत आणि तुम्ही खऱ्या फोटोला खोटा ठरवाल. कापलेल्या फोटोची मात्र भीती नाही, चौकट कापल्याने रेघा जागच्या हलत नाहीत. पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडात सावलीच नसते, मग तपासणार काय? जत्रेतल्या रात्रीच्या फोटोत प्रत्येक दिव्याचा भेटीचा बिंदू वेगळा असतो. कुठली सावली कुठल्या दिव्याची ते ठरवता आलं नाही तर सोडून द्या.

फोटोची तारीख सांगितलेली असेल तर सूर्य त्या वेळी कुठे होता ते NOAA या अमेरिकेच्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेच्या सोलर कॅल्क्युलेटरवर बघता येतं. गोव्यात यात एक गंमत आहे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात भरदुपारी तो उत्तरेला असतो, म्हणजे सावली दक्षिणेला. आणि इथली खरी मध्यान्ह घड्याळात बाराला नसते, साधारण साडेबाराच्या आसपास असते. जेसीबीच्या फोटोला हे लावायची गरज पडली नाही. आम्ही पाठवणाऱ्याकडे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल मागितली, ती आली नाही, फोटो छापला नाही. रेघा ओढलेली SVG फाइल मूळ फोटोसोबत ठेवली, आणि शेऱ्यात "जेसीबी बनावट" न लिहिता "जेसीबीची सावली बाकीच्या सावल्यांशी जुळत नाही" असं लिहिलं. कारण जेसीबी आणि तीन सावल्या यांपैकी नंतर काय घातलंय हे रेघा सांगत नाहीत. तीन विरुद्ध एक असल्याने संशय जेसीबीवर जातो, इतकंच.