पाण्याची सूचना सोप्या शब्दांत कशी लिहावी

गोव्यात पंचायतीची किंवा सोसायटीची सूचना अनेकदा आधी इंग्रजीत तयार होते आणि मग मराठीत येते. त्यामुळे ‘कमेन्स’चे ‘प्रारंभ करण्यात येईल’ होते आणि ‘युटिलाइज’चे ‘विनियोग करावा’. समजा, फलकावर लावायचा मजकूर असा आहे:

‘जलकुंभाच्या स्वच्छतेचे कार्य मंगळवारी सकाळी ९ वाजता प्रारंभ करण्यात येणार असून सदर कालावधीत पाणीपुरवठा स्थगित राहील. ग्रामस्थांनी उपलब्ध जलसाठ्याचा काटकसरीने विनियोग करावा.’

१. आधी क्रियापदे शोधा. ‘प्रारंभ करण्यात येणार’ म्हणजे ‘सुरू होणार’, ‘विनियोग करावा’ म्हणजे ‘वापरावे’. ‘करण्यात येणार’ दिसले की कोण करणार, हे विचारा. उत्तर वाचणाऱ्याच्या कामाचे असेल तरच लिहा.

२. जड शब्दाखाली काय राहून गेले ते पाहा. ‘सदर कालावधीत’ म्हणजे कधीपासून कधीपर्यंत? मजकुरात सुरुवात आहे, शेवट नाही. शब्द भारदस्त असल्याने लिहिणाऱ्याच्याही ते ध्यानात आले नाही. टाकी धुणाऱ्यांना विचारून वेळ भरा. इथे संध्याकाळचे ५ धरू.

३. आता वाक्ये जोडा. बहुतेकांची चूक इथेच होते. शब्द बदलताना वाक्येही तोडली की असे होते: ‘मंगळवारी टाकी धुणार. पाणी येणार नाही. पाणी जपून वापरा.’ हे पहिलीच्या पुस्तकासारखे वाटते, पण दोष ‘धुणार’ या शब्दाचा नाही. कारण आणि परिणाम यांना बांधणारा दुवा गेला आहे. ‘असल्याने’, ‘म्हणून’, ‘तर’, ‘भरून ठेवावे’मधला ‘-ऊन’ असे छोटे दुवेच वाक्याला प्रौढपण देतात. अदबीसाठीही जड शब्द लागत नाही, ‘ठेवा’ऐवजी ‘ठेवावे’ पुरते. दुवे जोडल्यावर सूचना अशी होते:

‘टाकी धुवायची असल्याने मंगळवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ नळाला पाणी येणार नाही. आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे. पाणी पुन्हा सुरू झाल्यावर ते गढूळ दिसले, तर स्वच्छ होईपर्यंत पिण्यासाठी घेऊ नये.’

शेवटचे वाक्य मूळ मजकुरात नव्हते. साध्या शब्दांत लिहायला बसले की वाचणाऱ्याचा पुढचा प्रश्न आपोआप दिसतो. मधले वाक्य मात्र मुद्दाम आखूड ठेवले आहे, कारण लोकांनी करायचे काम तेच आहे.

४. काही शब्दांना हात लावू नका. सरकारी निधीचा हिशेब देताना ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ हे कागदाचे नाव आहे. त्याचे ‘वापरल्याचा दाखला’ केले तर खात्यातला माणूस गोंधळेल. जत्रेच्या पत्रिकेत ‘उत्सवास प्रारंभ’ शोभतो, कारण तिथे प्रसंगच मोठा आहे. टाकी धुण्याला तो शब्द जड होतो.

५. मजकूर वाड्यावरच्या कोणाला तरी एकदा मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, ‘मंगळवारसाठी काय करणार?’ ‘सोमवारी रात्री पाणी भरून ठेवीन’ असे उत्तर आले तर फलकावर लावा. ‘पाणी किती वाजता सुरू होणार?’ असे त्यानेच विचारले, तर वेळ असलेले वाक्य पुन्हा लिहा.